‘पेटल’ की ‘पेडल’? अमेरिकन डॉक्टरांचा ट आणि ड वेगळा लागतच नाही

शहापूरची_रातराणी
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला राहते, घरी बसून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करते. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासून झाला की बोलून ठेवतात, आम्ही ते ऐकून टाइप करायचं. आठ महिने झाले. औषधांची नावं, रोगांची स्पेलिंगं बऱ्यापैकी जमायला लागली, खरं एक गोष्ट डोकं खाते.

सुरुवातीला एका लहान मुलाच्या फाइलमध्ये मी ‘बेड वेडिंग’ लिहिलं. स्पष्ट ड ऐकू आला होता. आमचं टाइपिंग तपासणाऱ्या क्यूएने लाल करून परत पाठवलं: बेड वेटिंग, म्हणजे पोरगं झोपेत अंथरूण ओलं करतं. पाच वर्षांच्या पोराचं मी अंथरुणात लग्न लावून दिलं होतं. मग ‘लॅडर’ लिहिलं, ते ‘लॅटर’ निघालं. क्यूए ताई म्हणाल्या, “अमेरिकन लोक ट चा ड करतात, लक्षात ठेव.”

ठेवलं लक्षात. गेल्या आठवड्यात हृदयाच्या पेशंटची फाइल आली. डॉक्टर म्हणाले ‘नो पेडल इडीमा’. मी हुशारी केली: ड ऐकू आला म्हणजे मुळात ट असणार! लिहिलं ‘पेटल’. परत लाल. पेडल म्हणजे पायाचा, पायांना सूज नाही असं त्यांना म्हणायचं होतं. मी लिहिलं पाकळीला सूज नाही.

आता मला ना ट वर भरवसा ना ड वर. आवाज निम्म्या वेगाने लावला, हेडफोन बदलला, तीस वेळा ऐकलं. दोन्हीकडे सारखंच. माझा कान खराब आहे का? की ओळखायची काही खूण असते?

गोकाकचा_करदंट
ट्रान्सक्रिप्शनवाले रेकॉर्डिंग मागेपुढे करायला पायाखाली पेडल ठेवतात ना? म्हणजे पायाखाली पेडल आणि कानात पेटल. धन्य!

निपाणीचा_अण्णा
मी पुण्यात तीन वर्षं अमेरिकन प्रोसेसला होतो. सोपं आहे ताई. दोन स्वरांच्या मधे ट आला की त्यांचा ड होतो, कारण जिभेला आळस. वॉटरचं वॉडर, सिटीचं सिडी, हॉटेलचं होडेल, बटनचं बडन. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं. कान खराब नाही, सवय नाही एवढंच. वर्षभरात आपोआप कळायला लागेल.

ध्वनिवेडा
अण्णा, वॉडर आणि सिडी बरोबर. खरं होडेल कुठलाही अमेरिकन म्हणत नाही, आणि बडनही नाही.

हॉटेलमध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर असतो, टेल वर. ज्या ट च्या पुढचा स्वर जोराचा, तो ट कडकच राहतो. ज्याच्या पुढचा स्वर मऊ, तो सैल होतो. रातराणींच्या धंद्यातलाच शब्द घ्या, ओटायटिस, कानाची सूज. त्यात दोन ट आहेत. जोर ‘टाय’ वर. म्हणून पहिला ट खणखणीत आणि दुसरा सैल, ‘ओटायडिस’सारखा. एकाच शब्दात नियम दोन्ही बाजूंनी दिसतो. पोटॅटोचंही तसंच. आपला बटाटा मात्र दोन्ही ट वर ठाम उभा असतो.

बटनमध्ये ट च्या मागोमाग न येतो. तिथे ते ट घशात अडकवतात, जीभ सुटतच नाही. तो वेगळा प्रकार.

आणि मुख्य गोष्ट. ‘ट चा ड होतो’ हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच पेटलचा घोटाळा केला. त्या जागेवर त्यांचा ड सुद्धा ड राहत नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला एक टिचकी मारून निघून जातं, सेकंदाचा वीस-तीस हजारावा भाग. लॅटरचा ट तिथे येतो आणि लॅडरचा ड पण तिथेच येतो. दोन वाटा एका पाणंदीत मिळाल्यासारखं. पाणंदीत भेटलेला माणूस कुठल्या वाटेने आला ते त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणून ‘ड ऐकला की ट लिही’ हा नियमच चुकीचा, ऐकलेला ड मुळात ट असेल किंवा ड असेल.

ध्वनिवेडा
वर घाईत चुकलं. सेकंदाचे वीस-तीस *हजारांश* म्हणायचं होतं.

सदाशिवनगरची_आई
चांगला धागा. माझा मुलगा दुसरीत आहे, मोबाइलवर कार्टून बघून ‘वॉडर दे’ म्हणायला लागलाय. शाळेत बाई म्हणतात वॉटर म्हण. ओरडू की नको? कानडी, मराठी, इंग्लिश तिन्ही भाषांत आधीच गोंधळ आहे त्याचा.

गोकाकचा_करदंट
वैनी, पाणी माग म्हणावं. नाहीतर ‘नीर’. दोन्हीत ट नाही.

खानापूरचा_जुना_मास्तर
ध्वनिवेडा यांचं वाचून एक प्रयोग सुचला, घरी करून बघा. आधी म्हणा ‘डबा’. मग म्हणा ‘वडा’. ड एकच लिहितो आपण, पण जीभ काय करते ते बघा. डब्याचा ड जीभ टेकवून, थांबून सोडतो. वड्याचा ड जिभेचं टोक मागे वळवून नुसतं फटकारतो. गाडी, वाडा, घोडा, सगळीकडे तेच. हिंदीवाले या फटकाऱ्याला खाली नुक्ता देतात, आपण देत नाही, कारण आपल्याला तो ड च वाटतो. कानडीतही ‘नोडु’, ‘बेडा’ म्हणताना हेच होतं. म्हणजे अमेरिकन माणसाची टिचकी आपल्या कानाला ड का वाटते, तर आपल्या घरात तसाच एक सैल ड आधीपासून नांदतोय. कान खराब नाही बाई, कान मराठी आहे.

फरक एवढाच की आपण फक्त ड सैल करतो, ट ला हात लावत नाही. लावून चालणारच नाही. ‘पुस्तक फाटेल’ आणि ‘पुस्तक फाडेल’ यात ट आणि ड वर अख्खा गुन्हा ठरतो. एकात पुस्तक जुनं आहे, दुसऱ्यात पोरगं द्वाड आहे. तुटेल-तोडेल, फुटेल-फोडेल, सुटेल-सोडेल. तिथे निदान मधला स्वर तरी बदलतो, फाटेल-फाडेलमध्ये तोही नाही. अमेरिकन पद्धतीने बोललो असतो तर माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना शिक्षाच झाली नसती. आणि खोटी-खोडी? ‘त्याची तक्रार खोटी आहे’ आणि ‘त्याची खोडी आहे’.

ध्वनिवेडा
मास्तर, फाटेल-फाडेल फारच आवडलं. एक पुरवणी: आपला वड्याचा फटकारा जीभ मागे वळवून असतो, त्यांची टिचकी दातांमागेच. त्यामुळे ती खरं तर ‘बारीक’मधल्या र च्या जास्त जवळ आहे. स्पॅनिश लोकांना तिथे र च ऐकू येतो. आपल्याला ड, त्यांना र, आणि आवाज एकच.

टोरांटोचा_अनगोळकर
मी अनगोळचा, आता बरीच वर्षं कॅनडात. इथे मी उलटा अनुभव सांगतो. रायटर आणि रायडर मला इथे स्पष्ट वेगळे ऐकू येतात! ट आणि ड सारखे असले तरी आधीचा ‘आय’ वेगळा असतो. रायडरमध्ये तोंड मोठं उघडतं, ‘राऽय’. रायटरमध्ये तोंड कमी उघडतं, जवळजवळ ‘रय’सारखं. त्यामुळे ‘काही खूण नसते’ हे पटत नाही. खूण असते, मागच्या स्वरात असते.

बाकी टोरांटोला इथे कोणी टोरांटो म्हणत नाही हे सांगून ठेवतो. ट गायब. ‘टरॉनो’. न नंतर आलेला सैल ट तर त्या न मध्येच विरघळतो, विंटर आणि विनर सारखेच.

ध्वनिवेडा
अनगोळकर, बरोबर ऐकताय. ही कॅनडाची प्रसिद्ध लकब आहे, मार्टिन जूस यांनी 1942 सालीच तिच्यावर लिहिलं होतं. अमेरिकेच्या उत्तर भागातही बऱ्याच ठिकाणी ती आहे. गंमत म्हणजे त्या स्वराला अजून ‘आठवतं’ की पुढे ट होता, ट स्वतः मात्र उरलेला नाही.

खरं ही खूण ‘आय’ किंवा ‘आउ’ असलेल्या शब्दांपुरती. रायटिंग-रायडिंगला चालेल, लॅटर-लॅडर, पेटल-पेडल, वेटिंग-वेडिंगला नाही. तिथे स्वर दोन्हीकडे तोच.

टोरांटोचा_अनगोळकर
तिथेही ड च्या आधीचा स्वर थोडा लांबतो असं वाचलंय. म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर…

ध्वनिवेडा
मशीनवर मोजलं तर काही बोलणाऱ्यांमध्ये थोडा फरक सापडतो, हो. पण लोकांना नुसते सुटे शब्द ऐकवून ओळखायला लावले तर नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम बरं उत्तर येतं, आणि हे त्यांच्याच भाषेच्या लोकांचं. रात्री दोन वाजता घाईत बोलणाऱ्या डॉक्टरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या फरकावर पैज लावू नये. निम्म्या वेगाने लावून उपयोग नाही तो त्यामुळेच. वेग कमी केला की आवाज लांबतो, हरवलेला फरक परत येत नाही.

टोरांटोचा_अनगोळकर
मला तरी लॅटर-लॅडरमध्येही थोडं कळतं असं वाटतं. असो. कदाचित संदर्भामुळे वाटत असेल.

पुणेरी_पाहुणा
मध्येच विचारतो, सगळे जण सारखं ‘खरं’ ‘खरं’ का म्हणताय? ‘खरं होडेल कुठलाही अमेरिकन म्हणत नाही’. मग खोटं होडेल कोण म्हणतो?

निपाणीचा_अण्णा
हाहा. पाव्हणं, आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. आणि खरं म्हणजे खरं पण.

पुणेरी_पाहुणा
मग कळतं कसं कुठलं ते?

निपाणीचा_अण्णा
कळतंय की! ‘येतो म्हणाला खरं आला नाही’ यात कुणी गोंधळत नाही.

खानापूरचा_जुना_मास्तर
अण्णा, तुम्ही नकळत मूळ प्रश्नाचंच उत्तर दिलंत. लॅटर-लॅडर ऐकणारा अमेरिकन हेच करतो. शब्द कानाने नाही, वाक्याने ओळखतो.

सीमेवरचा_टपाल्या
ट-ड नंतर बघा, आधी बेळगाव म्हणायचं की बेळगावी ते ठरवा.

गोकाकचा_करदंट
टपाल्या, त्याचा वेगळा धागा आहे आणि तो हजारावर गेलाय. तिकडे जा गा.

हुबळी_डिस्पॅच
मी ट्रक डिस्पॅच करतो, रात्रभर अमेरिकन ड्रायव्हरांशी फोन. माझा प्रॉब्लेम उलटा आहे. मला त्यांचं कळतं, त्यांना माझं कळत नाही.

परवा एकाला सांगितलं डॉक नंबर फोर्टीन. तो गेला चाळीसवर. अर्धा तास तिथे रांगेत, मग मला शिव्या. मी रेकॉर्डिंग ऐकलं, मी स्वच्छ फोर्टीनच म्हटलं होतं. शेवटचा न पण आहे. मग त्याला फोर्टी कसं ऐकू आलं? हे याच धाग्यात बसतं का माहीत नाही.

ध्वनिवेडा
बसतं, आणि याच्याइतकं चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. सैल ट ने लॅटर-लॅडर एक केले, पण फोर्टी-फोर्टीनमध्ये तोच ट फरक *दाखवतो*. फोर्टीच्या टी वर जोर नाही, म्हणून ट सैल, ‘फोर्डी’. फोर्टीनच्या टीन वर जोर आहे, म्हणून ट कडक, वर हवेचा फुगारा. अमेरिकन कान शेवटच्या न ची फारशी वाट बघत नाही, फोनवर न तसाही नीट पोचत नाही. तो ट कसा आहे तेवढंच बघतो.

आपण दोन्हीकडे एकच ट वापरतो, ना सैल ना फुगाऱ्याचा, आणि जोरही सगळीकडे सारखा. तुमच्या ट मध्ये फुगारा नव्हता, म्हणून त्याने चाळीस धरलं. थर्टी-थर्टीन, एटी-एटीनलाही हेच होणार. फिफ्टी-सिक्स्टीचं थोडं वेगळं, तिथे ट च्या आधी फ आणि स असल्यामुळे टिचकी लागत नाही, पण फुगाऱ्याचा आणि जोराचा फरक तिथेही आहेच.

उपाय मराठीत सांगतो: टीन म्हणताना ठ म्हणा. ‘फोर्ठीन’. लांब ओढा. आपल्याला हास्यास्पद वाटेल, त्याला बरोबर ऐकू येईल.

हुबळी_डिस्पॅच
फोर्ठीन! बायको शेजारी झोपलीय, हळू म्हणून बघितलं. आज रात्री वापरतो.

निपाणीचा_अण्णा
हे मात्र आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे ‘वन फोर, फोर्टीन’ असं आकडे सुटे करून सांगायचो. का ते आज कळलं.

रामदुर्गचा_डॉक्टर
सुटे आकडे करणं सोडू नका, डिस्पॅचवाले. औषधाच्या डोसाच्या बाबतीत तर फोनवर फिफ्टीन सांगितलं की ‘वन फाइव्ह’ म्हणायचंच अशी शिस्त असते. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅममध्ये माणूस जातो. उच्चार कितीही सुधारला तरी.

रातराणी, पेडल इडीमाबद्दल: हृदयाच्या पेशंटची तपासणी लिहिताना शेवटी हातपाय येतात आणि तिथे सूज आहे की नाही हे लिहावंच लागतं. त्या जागी तो शब्द दुसरा काही असूच शकत नाही. आवाजाकडे बघण्याआधी तपासणी कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा.

शहापूरची_रातराणी
सगळ्यांचे आभार. चार रात्री तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं, म्हणून उशिरा लिहितेय.

कानावरचा हट्ट सोडला. आता त्या जागी ट की ड असं ऐकत बसत नाही, ‘इथे टिचकी आहे’ एवढंच मनात टिपते आणि पुढे जाते. वाक्य संपलं की परत येते. काल एका फाइलमध्ये डॉक्टरांनी झोपेसाठी आधी दिलेल्या दोन गोळ्यांची नावं घेतली आणि म्हणाले, ‘द लॅ-टिचकी-र वॉज स्टॉप्ड’. मागे दोन वस्तू आहेत, आणि थांबवलं म्हणतायत. शिडी कोण थांबवणार? लॅटर, दोघींपैकी दुसरी. त्याच्या पुढच्याच फाइलमध्ये पेशंट शेतकरी, ‘फेल ऑफ अ’ आणि मग तोच आवाज. तिथे मात्र शिडीच. एका रात्रीत दोन्ही मिळाले, आवाज अगदी जुळ्या भावांसारखे.

बाळंतिणीच्या फाइलमध्ये ‘पॅरिटी’ होतं, आधी किती बाळंतपणं झाली ते. आधीची मी असते तर ‘पॅरडी’ लिहून विडंबन केलं असतं.

ध्वनिवेडा यांच्या ओटायटिसवरून आणखी एक सापडलं. शब्द अनोळखी असला की त्याचा भाऊबंद आठवायचा, ज्यात जोर पुढे सरकतो. मेटलचा ट सैल, पण मेटॅलिकमध्ये तो कडक होऊन बाहेर येतो. मेडलचा ड मेडॅलियनमध्ये. ‘तोंडात मेटॅलिक चव’ असं डॉक्टर आधी म्हणाले होते, म्हणून पुढे ‘मे-टिचकी-ल टेस्ट’ आलं तेव्हा पदक नाही हे लगेच कळलं.

ध्वनिवेडा
वा! हे मी सांगायला विसरलो होतो, तुम्हीच काढलंत. व्हायटल-व्हायटॅलिटी, फेटल-फटॅलिटी, सगळीकडे चालेल. फक्त भाऊबंद नसलेल्या शब्दांना चालणार नाही. लॅटरला कोणी नाही.

सदाशिवनगरची_आई
माझ्या मुलाच्या वॉडरचं कोणी सांगितलं नाही.

खानापूरचा_जुना_मास्तर
बाई, ओरडू नका. शाळेत वॉटर आणि कार्टूनसमोर वॉडर, पोरं दोन्ही सांभाळतात. कट्ट्यावर कानडी आणि घरी मराठी सांभाळतातच की. स्पेलिंग मात्र ट नेच लिहून घ्या, आत्तापासून.

हुबळी_डिस्पॅच
अपडेट. काल सेव्हन्टीनला ‘सेव्हन्ठीन’ म्हटलं, पहिल्या फटक्यात कळलं. एटीनलाही. थर्टीनला मात्र ड्रायव्हरने दोनदा विचारलं. शेवटी ‘वन थ्री’.

शहापूरची_रातराणी
एक राहिलंच. आज पहाटेची फाइल. डॉक्टर म्हणतात, पेशंटशी नर्सने फोनवर बोलून घेतलं, आणि नर्सचं नाव घेतात. पॅटी की पॅडी. फाइलवर पेशंटचं नाव असतं, डॉक्टरचं असतं, नर्सचं कुठेच नाही. वाक्य काही मदत करत नाही, नावाला भाऊबंद नाही, स्वर तोच. जुन्या फाइली चाळल्या, त्या दवाखान्याच्या एकाही फाइलमध्ये ती नाही.

टोरांटोचा_अनगोळकर
पॅटी असणार. पॅडी बहुतेक आयरिश पुरुषाचं नाव.

रामदुर्गचा_डॉक्टर
नर्स पुरुष असू शकतो.

निपाणीचा_अण्णा
मग काय लिहिलं शेवटी?

शहापूरची_रातराणी
ब्लँक सोडली आणि वेळ टाकली, दोन मिनिटं चौदा सेकंद. वन फोर. क्यूए ताईंनी ऐकलं, आणि त्यांनीही ब्लँकच पुढे पाठवली.